बिल ६४,०००, खात्यात आले ४०,८००. गाडीच्या क्लेममधून नेमकं काय काय कापतात?

माधवी_वेळणेश्वर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारायची वेळ आली.

आषाढीच्या रात्री शृंगारतळीहून घरी येत होते. पाऊस असा होता की वायपर दुप्पट वेगाने फिरवूनही पुढचं दिसत नव्हतं. वळणावर चार-पाच गुरं डांबरावर बसलेली. पावसात ती गरम डांबरावर येऊन बसतात हे माहीत असूनही शेवटच्या क्षणी दिसली. गाडी डावीकडे घेतली ती थेट चिऱ्याच्या गडग्यावर. वरचा एक चिरा सुटून बॉनेटवर आपटला आणि काचेला तडा गेला. आम्हाला कोणाला काही लागलं नाही, गुरंही सुखरूप.

गाडी १२०० सीसी पेट्रोल, सप्टेंबर २०२१ ची. फुल इन्शुरन्स आहे. आमच्या ओळखीचं चिपळूणचं वर्कशॉप कंपनीच्या कॅशलेस यादीत नव्हतं, म्हणून बिल आधी मी भरलं: ६४,००० रुपये, करासकट. सर्व्हेअर दोनदा येऊन गेले, एकदा गाडी खोलायच्या आधी आणि एकदा सगळं जोडून झाल्यावर. कागद वेळेत दिले. ऑगस्टअखेर खात्यात ४०,८०० आले.

पॉलिसीवर स्वच्छ लिहिलंय, कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे आपण स्वतः सोसायची रक्कम, १,००० रुपये. मग ६३,००० यायला हवे होते ना? फोन केला तर "मॅडम, पॉलिसीच्या नियमाप्रमाणे कपात झाली आहे" एवढंच उत्तर. २३,२०० रुपये हा आमच्या होमस्टेच्या पावसाळी महिन्याचा सगळा गल्ला आहे. समजून घ्यायचंय.

सडा_आणि_समुद्र

ताई, झीरो डेप घेतलं नव्हतं का? तिथेच सगळं अडतं. साध्या पॉलिसीत पार्टवर घसारा कापतात. झीरो डेप असतं तर पूर्णच्या पूर्ण ६४,००० मिळाले असते. पुढच्या वेळी एजंट काय म्हणतो ते न ऐकता घ्याच.

दापोलीचा_निनाद

गडगा कोणाचा होता? त्याच्या मालकाची नुकसानभरपाई थर्ड पार्टीतून मिळते. खासगी गाडीला दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. तुम्ही पोलिसांत खबर दिली होती का? एफआयआर नसेल तर म्हणूनच पैसे कापले असतील.

माधवी_वेळणेश्वर

निनाद, गडगा आमच्याच वाडीतल्या काकांचा. पाच-सहा चिरे पुन्हा रचून दिले, विषय तिथेच मिटला. माझा प्रश्न माझ्या गाडीच्या पैशाचा आहे. पोलिसांचा कागद कंपनीने मागितलाच नाही.

झीरो डेप नव्हतं, हे खरं.

आबा_हातखंबा

माधवीताई, मी सव्वीस वर्षं याच किनाऱ्यावर गाड्यांचे सर्व्हे केले. आता निवृत्त आहे. तुमच्या आकड्यावर बोलण्याआधी मला असेसमेंट शीट पाहायला हवी. सर्व्हेअर बिलाच्या प्रत्येक ओळीसमोर किती मान्य, किती कापलं हे लिहितो. त्याची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. कंपनीला ईमेल करा, क्लेम नंबर घाला आणि "सर्व्हे रिपोर्ट व असेसमेंट शीट पाठवावी" एवढं एकच वाक्य लिहा. फोनवर मागू नका, फोनचा पुरावा राहत नाही.

तोपर्यंत दोन खुलासे. कोणी जखमी नाही, भांडण नाही, अशा स्वतःच्या नुकसानीच्या क्लेमला एफआयआर लागतेच असं नाही. त्यामुळे तुमचे पैसे कापलेले नाहीत.

आणि झीरो डेप असतं तरी पूर्ण ६४,००० आले नसते. झीरो डेप फक्त घसारा माफ करतं. डिडक्टिबलचे १,००० तेव्हाही जातात. कूलंट, गॅस, क्लिपा, ग्रीस या कंझ्युमेबल्सचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं.

मालवणी_टेम्पो

माझां पण तसाच झालेला ताई. माझो मासळीचो टेम्पो कणकवलीच्या पुलाकडे ठोकलंय. बिल एक लाख अठरा हजार, त्यातले अठरा हजार जीएसटी. कंपनीन हिशोबच एक लाखापासून सुरू केल्यानी. लय भांडलंय. मगे कळला, माझो धंदो जीएसटीत नोंदलेलो, मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरचो कर माका परत वळतां करून गावता, म्हणान तो कंपनी देना नाय. तुमचा होमस्टे जीएसटीत आसा काय?

माधवी_वेळणेश्वर

नाही भाऊ, नोंदणी नाही, आमची उलाढाल तेवढी नाही. आणि गाडी माझ्या स्वतःच्या नावावर आहे.

आबा, मेल टाकला.

आबा_हातखंबा

मग करासकट रक्कम धरायला हवी. टेम्पोवाल्या भाऊंचं त्यांच्या गाडीपुरतं बरोबर आहे. तुमच्या बाबतीत ते लागू नाही.

माधवी_वेळणेश्वर (सहा दिवसांनी)

शीट आली. दोन पानं. सगळे पार्ट लिहीत बसत नाही, सर्व्हेअरने केलेल्या गटांप्रमाणे टाकते, रकमा करासकट:

लोखंडी/धातूचे पार्ट (बॉनेट, डावा फेंडर, एसीचा कंडेन्सर, बंपरमागची पट्टी): २०,०००, मान्य १५,०००
प्लास्टिक (पुढचा बंपर, डावा हेडलाइट, जाळी, चाकावरचं अस्तर): १२,०००, मान्य ६,०००
पुढची काच: ६,०००, मान्य ६,०००
मजुरी, डेंटिंग, फिटिंग: ७,५००, मान्य ७,५००
पेंटिंग: १६,०००, मान्य ८,०००
कूलंट, एसी गॅस, क्लिपा वगैरे: २,५००, मान्य ०

मान्य बेरीज ४२,५००. त्यातून "सॅल्व्हेज" ७०० वजा, "कंपल्सरी एक्सेस" १,००० वजा. उरले ४०,८००.

हिशोब जुळतो. पण पटत नाही.

आबा_हातखंबा

ताई, तुम्ही हे टाइप केलंत म्हणून बरं झालं. एका ओळीत चूक आहे, ती तुमच्या बाजूची आहे आणि लहान नाही. पण आधी जे बरोबर आहे ते सांगतो, नाहीतर कंपनीला लिहिताना तुम्ही सगळ्यावरच बोट ठेवाल आणि खरा मुद्दा बुडेल.

तुमचा सगळा गोंधळ एका गोष्टीतून झाला. डिडक्टिबल, म्हणजे शीटवरचं "कंपल्सरी एक्सेस", बिलातून वजा होत नाही. आधी बिलातली प्रत्येक ओळ कंपनी आपल्या नियमाने लहान करते, मग उरलेल्या बेरजेतून डिडक्टिबल अगदी शेवटी जातं. खासगी गाडी १५०० सीसीपर्यंत असेल तर १,०००, त्यावर २,०००. कोणी प्रीमियम वाचवायला जादा ऐच्छिक डिडक्टिबल घेतलं असेल तर तेही इथेच वजा होतं. तुमच्या शीटवर ते नाही, म्हणजे तुम्ही घेतलेलं नाही. प्रत्येक अपघाताला हे एकदा जातं. म्हणून पॉलिसीवर १,००० दिसतात आणि खिशातून मात्र कितीतरी जास्त जातात.

आता ओळी. धातूच्या पार्टचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो. पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, पुढे दहापर्यंत ४०. तुमची गाडी सप्टेंबर २०२१ ची, अपघात जुलै २०२५ चा. म्हणजे तीन पूर्ण, चार अपुरी. २५ टक्के बरोबर. हेच दोन महिन्यांनी झालं असतं तर चार पूर्ण होऊन ३५ लागले असते. शीटवर अपघाताचीच तारीख धरली आहे ना, हे लोकांनी नेहमी तपासावं. काही ठिकाणी बिलाची तारीख धरलेली मी पाहिली आहे.

प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांना वयाचा संबंध नाही, गाडी कालची असली तरी निम्मे. १२,००० चे ६,००० बरोबर. हेडलाइटवर लोक भांडतात की ती काच आहे. हल्लीची हेडलाइट प्लास्टिकचीच असते, नखाने वाजवून बघा, आवाजावरून कळतं. काचेवर घसारा नाही, तुम्हाला काच पूर्ण मिळाली. मजुरीही पूर्ण मिळाली, कारण माणसाच्या कष्टाला घसारा नसतो.

चूक पेंटिंगमध्ये आहे. पेंटिंगवर ५० टक्के घसारा आहे खरा, पण तो फक्त रंगाच्या सामानावर, रंगवणाऱ्याच्या मजुरीवर नाही. बिलात सामान आणि मजुरी वेगळी दाखवली नसेल, एकच आकडा असेल, तर त्यातला २५ टक्के भाग सामानाचा धरायचा. हे पॉलिसीच्या छापील मजकुरातच असतं, घसाऱ्याच्या तक्त्याच्या आसपास. म्हणजे १६,००० चे २५ टक्के ४,०००, त्याचे निम्मे २,०००. कापायचे होते २,०००, कापले ८,०००.

मान्य बेरीज ४८,५०० व्हायला हवी. त्यातून ७०० आणि १,००० गेले की ४६,८००. तुमचे ६,००० रुपये कंपनीकडे राहिले आहेत.

चिपळूण_वर्कशॉप

आबा सांगतात ते बरोबर. आम्हा वर्कशॉपवाल्यांकडूनच बऱ्याचदा चूक होते ती अशी की आम्ही बिलात "पेंटिंग, चार पॅनल" असा एकच आकडा टाकतो. प्रायमर, बेसकोट, क्लिअरकोट, थिनर वेगळं आणि बूथची मजुरी वेगळी लिहिली तर सर्व्हेअरला विचार करावाच लागतो. पण वेगळं लिहिल्यावर सामान जर ४० टक्के निघालं तर ग्राहकाचं उलट नुकसान. त्यामुळे एकच आकडा वाईट असं मी म्हणणार नाही.

गॅसबद्दल मात्र मी ताईंच्या बाजूने आहे. कंडेन्सर चिऱ्याने फुटला, गॅस त्यातून गेला. नवा कंडेन्सर बसवला की गॅस भरावाच लागतो, नाहीतर कंडेन्सर कशाला दिला? काही सर्व्हेअर हा गॅस मंजूर करतात, काही कंझ्युमेबल म्हणून शून्य लावतात. एकाच आठवड्यात, एकाच कंपनीत दोन्ही पाहिलंय.

आबा_हातखंबा

मीही नोकरीत असताना अपघाताने गेलेला गॅस मंजूर करायचो. माझ्या मते तो अपघाताचाच भाग आहे. पण माझ्याच बरोबरीचे लोक उलट वागायचे आणि त्यांनाही पॉलिसीत आधार सापडायचा. ताई, मागा जरूर. ६,००० वर मात्र ठाम राहा.

सडा_आणि_समुद्र

आबा, पण ताईंनी बहुतेक मोबाइलवर संमतीची लिंक दाबली असेल, "पूर्ण व अंतिम" म्हणून. मग आता दार बंद ना?

माधवी_वेळणेश्वर

हो, दाबली होती. त्याशिवाय पैसे सोडत नव्हते. तेव्हा शीट पाहिलेलीच नव्हती.

आबा_हातखंबा

दार बंद नाही. तशी सही घेऊन ग्राहकाला पुढे तक्रार करण्यापासून अडवू नये, असं विमा नियामकाने कंपन्यांना पूर्वीच बजावलं आहे. अर्थात शांतपणे शीट वाचून, समजून सही केलेल्या माणसाची बाजू कमकुवत होते. तुम्ही शीट मागितली ती पैसे आल्यावर, आणि तो मेल तुमच्याकडे तारखेसह आहे. म्हणून मी फोन नको म्हणालो.

आता असं लिहा. एक परिच्छेद, एक मुद्दा. "पेंटिंगचे १६,००० एकत्रित आहेत. पॉलिसीप्रमाणे सामान २५ टक्के धरून त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे २,००० कापणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ८,००० कापले. फरक ६,००० द्यावा." सोबत शीट, बिल आणि पॉलिसीतल्या त्या पानाचा फोटो. मेल कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, एक प्रत सर्व्हेअरला. उत्तर नाही आलं तर नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका. महिनाभरात कंपनीने दाद दिली नाही किंवा नकार दिला तर विमा लोकपाल. रत्नागिरी जिल्हा पुण्याच्या लोकपालाकडे येतो. फी नाही, वकील लागत नाही. नकारानंतर वर्षाच्या आत जायचं.

सर्व्हेअरवर राग धरू नका. पावसात एकेका माणसाकडे खेडपासून राजापूरपर्यंतच्या गाड्या असतात. चूक दाखवली की बहुतेक जण स्वतः दुरुस्त करतात.

माधवी_वेळणेश्वर

आबा, खूप आभार. पॉलिसीचं पुस्तक काढून बसले. घसाऱ्याच्या तक्त्याखाली, बारीक अक्षरात, खरंच तेच वाक्य आहे. तीन वर्षं ते पाकीट मी उघडलंच नव्हतं. मेल आजच पाठवते.

अजून एक. सॅल्व्हेजचे ७०० कशाचे? आणि आमचे हिशोब लिहिणारे म्हणतात ४०,८०० "इतर उत्पन्न" म्हणून दाखवू या. हे मला खटकतंय.

खातेवही_रत्नागिरी

माधवीताई, दुसऱ्याचं मी सांगतो, माझा रोजचा विषय आहे. गाडी होमस्टेच्या कामाला वापरता आणि बिल होमस्टेच्या खात्यातून गेलं असं धरतो.

बिल भरलं त्या दिवशी वाहन दुरुस्ती खाते नावे ६४,०००, बँक जमा ६४,०००. पैसे आले त्या दिवशी बँक नावे ४०,८००, आणि जमा त्याच वाहन दुरुस्ती खात्याला. वर्षअखेर त्या खात्यावर २३,२०० उरतील, तोच तुमचा खरा खर्च. त्यात घसारा, कूलंट, सॅल्व्हेज आणि डिडक्टिबल सगळं आलं, डिडक्टिबलची वेगळी नोंद लागत नाही. उत्पन्नात दाखवल्याने नफा शेवटी तोच येतो, पण उलाढाल उगाच फुगते, दुरुस्तीचा खर्चही फुगतो आणि पुढे बँकेत कर्जाला गेलात की कोणीतरी विचारतं हे कसलं उत्पन्न.

६,००० अजून मान्य झालेले नाहीत, ते आता धरू नका. आले की त्याच खात्यात जमा. मात्र कंपनीने मान्य केले आणि ३१ मार्चपर्यंत पोचले नाहीत, तर "विमा दावा येणे" म्हणून दाखवा.

गाडी घरच्या कामालाही वापरत असाल तर तेवढा भाग खर्चातून काढावा लागेल. तो किती, हे तुम्हीच प्रामाणिकपणे ठरवायचं.

आबा_हातखंबा

सॅल्व्हेज म्हणजे तुमच्या जुन्या पार्टची भंगारातली किंमत. कंपनीने नव्या पार्टचे पैसे दिले, म्हणून जुना पार्ट एकतर कंपनीचा, किंवा त्याची किंमत कापून तो तुमचा. तुमचे ७०० कापले आहेत, म्हणजे ते जुने बॉनेट, फेंडर, कंडेन्सर तुमच्या मालकीचे. वर्कशॉपमध्येच सोडून आलात का?

माधवी_वेळणेश्वर

हो! मला वाटलं ते त्यांचंच असतं.

चिपळूण_वर्कशॉप

ताई, आमच्याकडे ग्राहकाने नेलं नाही तर पंधरा दिवस ठेवतो, मग भंगारवाल्याला जातं. तुमच्या वर्कशॉपला लगेच विचारा. कंडेन्सर ॲल्युमिनियमचा, त्यालाच खरा भाव येतो.

दापोलीचा_निनाद

मी आधी प्रश्न नीट न वाचता लिहिलं, क्षमस्व. पण एक विचारतो. क्लेम केल्याने ताईंचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गेला, तो हिशोब कोणी धरलाच नाही. लहान नुकसान असेल तर क्लेम करूच नये ना?

आबा_हातखंबा

चांगला प्रश्न. तीन नूतनीकरणं क्लेमविना झाली, म्हणजे ताईंना सध्या ३५ टक्के सूट असणार. या सप्टेंबरला ती ४५ झाली असती, आता शून्य. सूट फक्त स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. तो प्रीमियम समजा ६,००० असेल तर यंदाचे २,७०० गेले. पुढच्या वर्षी ५० च्या जागी २० टक्के, म्हणजे आणखी १,८०० गेले. शिडी पुन्हा चढेपर्यंत एकूण सात-आठ हजारांचा फटका धरा. ४६,८०० पुढे तो सोसण्यासारखा आहे. पण नुसता बंपर फुटला असता, बिल ९,००० आणि हातात साडेतीन, तर मी क्लेम करू नका म्हणालो असतो. मधल्या रकमांना एकच उत्तर नाही. शीटसारखा अंदाज आधी वर्कशॉपकडून काढून घ्यावा आणि मग ठरवावं.

माधवी_वेळणेश्वर (अठरा दिवसांनी)

कळवायला आले. पहिल्या मेलला ठरावीक उत्तर आलं, "नियमाप्रमाणे". मी त्याच मेलखाली पुन्हा पॉलिसीच्या पानाचा फोटो लावून फक्त विचारलं, "कोणत्या कलमाप्रमाणे?" चौथ्या दिवशी सर्व्हेअरांचा स्वतःचा फोन आला. म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये पेंटिंगची रक्कम पार्टच्या रकान्यात पडली, प्लास्टिकसारखी निम्मी झाली, सुधारित शीट पाठवतो. काल ६,००० जमा झाले. एकूण ४६,८००, माझ्या खिशातून १७,२००. आबा, तुमचा आकडा रुपयाला जुळला.

गॅसचे पैसे नाकारले, कारण एका ओळीचं: कंझ्युमेबल. त्यावर लोकपालाकडे जावं का, अजून ठरवलं नाही.

नूतनीकरणात या वेळी झीरो डेप आणि कंझ्युमेबल्स दोन्ही मागितलं. गाडी पाच वर्षांच्या आत आहे म्हणून देतो म्हणाले, पण फोटो मागितलेत, पाऊस उघडला की काढते.

आणि वर्कशॉपला गेले होते. बॉनेट, फेंडर गेले होते भंगारात, कंडेन्सर मात्र मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. त्याच्या जाळीत अजून गडग्याची तांबडी माती अडकलेली. घेऊन आलेय.

मालवणी_टेम्पो

ताई, कंडेन्सर वजनार घालूक नको, आधी भाव इचार. चिपळुणात आणि कुडाळात फरक आसता.